प्रकरण अभ्यास: पहिला कोल्ड मेल, एक राग आलेला मॅनेजर आणि बजाजनगरचे काका

नावं सगळी बदललीत, कंपन्यांची तर घेतलीच नाहीत. कोल्ड मेल म्हणजे ओळख नसलेल्या माणसाला पाठवलेला विक्रीचा मेल, आणि ज्यानी तो लिहिला त्याला आपण प्रशांत म्हणू. त्याला विचारूनच लिहितोय, आणि तो म्हणाला की मेल जशेच्या तशे टाका, लाज वाटायचं वय गेलं आता. (वय तेवीस आहे त्याचं.) मूळ मेल इंग्रजीत होते, इथं मराठीत टाकतोय.

पार्श्वभूमी

संभाजीनगरजवळची वाळूज एमआयडीसी ज्यांना माहित्ये त्यांना सांगायला नको, बजाजमुळं आजूबाजूला शेकड्यानं छोटे-मोठे व्हेंडर उभे राहिले, प्रेस शॉप, मशीन शॉप, पेंट शॉप, आणि यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागच्या शेडमध्ये एक-दोन स्क्रू कंप्रेसर घरघर करत असतात. आमची फर्म त्या कंप्रेसरची सर्व्हिस, स्पेअर आणि एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, बघते. छोटी फर्म आहे, एक शेठ, आम्ही काही सर्व्हिसवाले आणि सेल्सला एक जण. तो एक जण सोडून गेला आणि त्याच्या जागी प्रशांत आला. अंबडकडचा पोरगा, मेकॅनिकल डिप्लोमा, मशीन बऱ्यापैकी कळतं, बोलायला तरबेज, पण ऑफिसचा मेल म्हणून आयुष्यात एकच लिहिलेला, नोकरीचा अर्ज.

शेठनी नवीन काम काढलेलं, एअर लीकेज ऑडिट. म्हणजे कंपनीत जायचं, अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घेऊन सगळी लाईन फिरायची, जिथं जिथं हवा फुसफुसते तिथं टॅग बांधायचा आणि रिपोर्ट द्यायचा. लीकेज कानाला ऐकू येतं असं लोकांना वाटतं पण शॉप चालू असताना प्रेसच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही, म्हणून डिटेक्टर लागतो. काम चांगलं आहे, खरोखर पैसे वाचतात. पण ते विकायला अवघड, कारण कंप्रेसर बंद पडला तर कंपनी स्वतः फोन करते, हवा गळते म्हणून कोणी फोन करत नाही. गळती आहे हेच माहीत नसतं, किंवा माहीत असतं आणि त्याची सवय झालेली असते.

तर शेठनी प्रशांतला मेल आयडींची एक जुनी एक्सेल शीट दिली आणि सांगितलं, मेल टाक सगळ्यांना.

पहिला मेल आणि अडचण

प्रशांतनी टाकला. हा बघा:

> विषय: ३०% वीजबिल वाचवा – त्वरित संपर्क करा!!
>
> डिअर सर,
> आम्ही मराठवाड्यातील आघाडीची कंप्रेसर सर्व्हिस कंपनी आहोत. तुमच्या प्लांटमध्ये हवेच्या गळतीमुळे दर महिन्याला लाखो रुपये वाया जात आहेत. बहुतेक कंपन्यांमध्ये मेंटेनन्स टीम याकडे लक्ष देत नाही असा आमचा अनुभव आहे. आमच्याकडे अल्ट्रासॉनिक डिटेक्टर, प्रशिक्षित इंजिनिअर आणि सर्व मेकचे स्पेअर उपलब्ध आहेत. उद्या किंवा परवा भेटीची वेळ कळवावी. सोबत ब्रोशर जोडले आहे.

खाली भलंमोठं ब्रोशर, पीडीएफ, उघडायला मोबाईलवर वेळ लागेल असं. आणि एक गोष्ट त्यानी स्वतःच्या डोक्यानी केली, ज्या कंपन्यांचे दोन आयडी शीटमध्ये होते तिथं मेंटेनन्स मॅनेजरला मेल आणि प्लांट हेडला सीसी.

बरेच मेल परत आले कारण आयडीच बंद पडलेले, लोकं सोडून गेलेली. बाकीच्यांकडून शांतता. दोन-तीन उत्तरं आली त्यातलं एक असं होतं, सीसीमध्ये प्लांट हेड तसेच ठेवून: "आमच्याकडे लीकेजचा कोणताही प्रॉब्लेम नाही. आमची टीम नियमित चेकिंग करते. कृपया पुन्हा मेल करू नये."

ही कंपनी मला माहित्ये. त्यांच्या पेंट शॉपला मी सर्व्हिसला गेलेलो आहे आणि तिथं एका एअर गनच्या कपलिंगमधून हवा अशी सुटते की बाजूचं कॅलेंडर हलतं. म्हणजे उत्तर खोटं होतं असं मी म्हणत नाही, पण ते उत्तर लीकेजबद्दल नव्हतंच, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. शेठ म्हणाले मेलनी काही होत नसतं, प्रशांत तोंड पाडून बसला.

समोर काय पर्याय होते

शेठच्या मते आणखी मोठी यादी विकत घ्यायची आणि तोच मेल जास्त लोकांना टाकायचा. संख्या वाढली की कोणीतरी अडकेल. यात मला दोन खोट दिसत होत्या. एक तर असल्या यादीत निम्मे आयडी मेलेले निघतात, आणि मेल असे परत यायला लागले की तुमच्या डोमेनचा पुढचा चांगला मेलसुद्धा समोरच्याच्या स्पॅममध्ये जायला लागतो. दुसरं म्हणजे वाळूज केवढं आहे, एवढ्याश्या जागेत तुम्ही वाईट मेल हजार लोकांना टाकला तर पुढच्या वेळेला जायला दारच राहत नाही.

दुसरा पर्याय मेल सोडून थेट गेटवर जाणं. आमचा आधीचा सेल्सवाला हेच करायचा. गेटवर सिक्युरिटी विचारतो कोणाला भेटायचं, अपॉइंटमेंट आहे का, नाही म्हटलं की व्हिजिटिंग कार्ड घेतो आणि ड्रॉवरमध्ये टाकतो. ओळख असेल तर काम होतं, नवीन पोराचं होत नाही, आणि पेट्रोल जातं ते वेगळं.

तिसरा, व्हॉट्सअॅप. नंबर मिळाला तर चालतं पण अनोळखी नंबरवरून मशिनरीची जाहिरात आली की लोकं लगेच ब्लॉक करतात, आणि ब्लॉक झालं की संपलं, मेलला निदान पुढच्या वर्षी परत लिहिता येतं.

चौथा पर्याय म्हणजे मेलच परत लिहिणं. हे कोणी सुचवलं नाही, ते झालं योगायोगानी.

काकांचा रिव्ह्यू

प्रशांतच्या रूममेटचे एक मावसकाका बजाजनगरला राहतात, वाळूजच्याच एका कंपनीत आयुष्यभर मेंटेनन्सला होते, शेवटी मेंटेनन्सचे हेड म्हणून रिटायर झाले. म्हणजे प्रशांत ज्या माणसाला मेल लिहीत होता तोच माणूस. एका संध्याकाळी दोघं पोरं त्यांच्याकडे जेवायला गेली तेव्हा प्रशांतनी मेल दाखवला आणि विचारलं, काका बघा ना कसा वाटतो, खरं सांगा.

काकांनी लॅपटॉप हातात घेतला नाही. म्हणाले मला फोनवर पाठव, मी कधी लॅपटॉपवर मेल वाचला नाही, शॉपमध्ये उभा राहून वाचायचो. फोन हातभर लांब धरून नोटिफिकेशनच वाचलं फक्त. विषय आणि पहिल्या ओळीचा अर्धा भाग. "३० टक्के वीजबिल वाचवा, डिअर सर आम्ही मराठवाड्यातील आघाडीची..." इथं कापलं गेलं. "इथंच बोट बाजूला सरकवलं असतं मी," ते म्हणाले. "पण चल, उघडतो."

पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. प्रशांतच्या म्हणण्याप्रमाणं पुढचं बोलणं साधारण असं झालं:

"हे साहेबाला सीसी कामून केलं तू?"

"उत्तर लवकर येईल म्हणून, काका."

"लवकर येतंच की. पण कसं येतं? आमच्याकडं सगळं ओके आहे, मेल करू नका. असंच आलं ना?"

"हो, अगदी असंच."

"येणारच. तू त्याच्या साहेबासमोर लिहिलंस की याची टीम लक्ष देत नाही. आता त्यानी हो म्हणलं की लीकेज आहे, तर त्यानी आजपर्यंत काय केलं? त्यानी नाहीच म्हणायला पाहिजे. मी असतो तर मी पण नाही म्हणलो असतो, आणि तुझ्या फर्मचं नाव लक्षात ठेवलं असतं."

हा माझ्या मते या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. मेल फटकळ होता हे तर कुणालाही दिसतं, उद्गारचिन्हं, त्वरित, वेळ कळवावी. पण काकांनी ज्या जागेवर बोट ठेवलं ती वेगळी होती. लीकेज ऑडिट घ्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस मेंटेनन्सचा, आणि लीकेज सापडलं तर ज्याची बदनामी होते तोही मेंटेनन्सचाच. त्याला वाचवणारा मेल लिहिला तर तो दार उघडतो, त्याला पकडणारा लिहिला तर बंद करतो. स्पेअर विकताना ही अडचण येत नाही कारण बेअरिंग गेलं तर कोणाची चूक नसते. ऑडिट नावाच्या कुठल्याही गोष्टीला ही भानगड आहेच.

मग तीस टक्क्यांवर आले. "कशाचे तीस टक्के?" प्रशांतला सांगता येईना. ब्रोशरवर होतं म्हणून लिहिलेलं. काका म्हणाले, कुठंतरी वाचलेलं असतं की खराब लाईनमध्ये २० ते ३० टक्के हवा गळते, ते हवेचे टक्के आहेत, बिलाचे नाहीत, आणि जो माणूस कंप्रेसर चालवतो त्याला हा फरक कळतो, त्यामुळं पहिल्या ओळीतच त्याला कळलं की लिहिणाऱ्याला काही येत नाही. "तुला तर येतं ना रे, मग येत नसल्यासारखं कामून लिहायलास?"

आणि तिसरं, भेट. "तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही, आणि पहिल्याच मेलमध्ये उद्या-परवाची वेळ मागतोस. गेटपास मी करायचा, तासभर मी बसायचं, चहा मी पाजायचा. माझं काय होतं त्यात?"

काकांना विचारलं की मग काय लिहू, तर त्यांनी लिहून दिलं नाही. एवढंच म्हणाले, मला असं काहीतरी दे जे मी तुला न बोलावता करू शकतो. उपयोग झाला तर मीच बोलावतो.

दुसरा मसुदा, तोही फेल

प्रशांतनी दोन दिवसात परत लिहिलं आणि गाडी पार दुसऱ्या बाजूला गेली. "महोदय, आपल्या अत्यंत व्यस्त वेळेतून दोन मिनिटे काढून हा मेल वाचल्यास आभारी राहू, काही चूक झाल्यास क्षमस्व", असं सुरू होऊन तीन परिच्छेद. सीसी काढलेला, टक्के काढलेले, मेंटेनन्स टीमचं वाक्य काढलेलं. पण मजकूर म्हणून आत काही उरलंच नाही, नुसती विनवणी. काकांनी फोनवर एका वाक्यात निकाल लावला, "आधी शिव्या देत होतास, आता पाया पडायलास, काम कधी सांगणार?"

हा टप्पा मी मुद्दाम सांगतोय कारण बहुतेक लोकं सल्ला मिळाल्यावर इथंच थांबतात. फटकळपणाचा इलाज गोडपणा असं धरून चालतात. मेल गोड झाला तरी वाचणाऱ्याच्या हातात काही पडत नसेल तर तो तसाच उडतो, फक्त राग न येता उडतो.

मग काय केलं

काकांचं ते "न बोलावता करू शकतो" हे प्रशांत माझ्याकडं घेऊन आला, असं काय देता येईल म्हणून. आम्ही सर्व्हिसवाले एक साधी टेस्ट करतो, पुस्तकातलीच आहे, काही गुपित नाही. साप्ताहिक सुट्टीला प्रॉडक्शन पूर्ण बंद असताना कंप्रेसर एकटा चालू ठेवायचा. हवा कोणी वापरत नाहीये, म्हणजे प्रेशर भरलं की कंप्रेसर अनलोड होऊन, म्हणजे हवा न भरता नुसता फिरत, तसाच राहायला पाहिजे. पण लाईन गळत असेल तर प्रेशर उतरतं, कंप्रेसर परत लोड होतो, भरतो, परत अनलोड. घड्याळ लावून लोड किती वेळ आणि अनलोड किती वेळ हे चार-पाच सायकल मोजायचं आणि सरासरी काढायची. लोडच्या वेळेला लोड अधिक अनलोडच्या बेरजेनी भागायचं, गुणिले १००, कंप्रेसरच्या क्षमतेच्या तेवढे टक्के हवा गळते. लागतं काय तर एक माणूस, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि अर्धा तास. मशीनजवळचे व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवायचे, ते बंद केले तर फक्त मेन लाईन तपासली जाते आणि खरी गळती बहुतेक मशीनपाशीच असते, पीयू ट्यूब, पुश फिटिंग, एफआरएल म्हणजे मशीनपाशी हवा गाळून प्रेशर धरणारं युनिट, एअर गनचं कपलिंग, नाहीतर लाईनमधलं पाणी सोडणारा ऑटो ड्रेन उघडा अडकलेला.

शेठना हे अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं, आपणच टेस्ट शिकवली तर आपल्याला बोलावणार कोण? प्रश्न चुकीचा नव्हता. यावर बरीच वादावादी झाली. माझं म्हणणं होतं की टेस्टनी गळती किती हे कळतं, कुठं हे कळत नाही, आणि शे-दोनशे फिटिंगमधून कुठलं गळतंय हे शोधण्याचेच तर आपण पैसे घेतो. उलट ज्याची लाईन चांगली निघाली तो आपोआप यादीतून गेला, तिथं जाऊन आपलंच पेट्रोल वाया गेलं असतं. शेठ शेवटी म्हणाले, वीस-पंचवीस जणांना टाकून बघा, सगळ्यांना नको.

ही मर्यादा फायद्याची ठरली. थोडेच मेल टाकायचे म्हणल्यावर प्रशांतनी एक्सेल शीट बाजूला ठेवली आणि प्रत्येक कंपनीत रिसेप्शनला फोन करून एकच गोष्ट विचारली, मेंटेनन्स सध्या कोण बघतं आणि त्यांचा मेल आयडी काय. बऱ्याच ठिकाणी सरळ सांगितलं. कंपनी काय बनवते हेही बघून घेतलं, म्हणजे प्रेस शॉप आहे की मशीन शॉप.

शेवटी गेलेला मेल हा:

> विषय: सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासाची एअर लीकेज टेस्ट
>
> नमस्कार सर,
> सुट्टीला प्रॉडक्शन बंद असताना कंप्रेसर चालू ठेवून लोड आणि अनलोडची वेळ ४-५ सायकल मोजली तर लाईनमध्ये किती हवा गळते ते कळतं. लोडची सरासरी वेळ भागिले एका पूर्ण सायकलची वेळ, गुणिले १००. मशीनचे व्हॉल्व्ह उघडे ठेवावेत.
>
> उत्तर १० टक्क्यांच्या आत आलं तर लाईन चांगली सांभाळली आहे, आमची काही गरज नाही. २० च्या वर आलं तर आकडे मला याच मेलवर पाठवा, तुमच्यासारख्या प्रेस शॉपमध्ये आधी कुठं शोधायचं ते लिहून पाठवतो. त्याचा चार्ज नाही.
>
> मी वाळूजमध्येच कंप्रेसर सर्व्हिसला आहे.
> प्रशांत, मोबाईल नंबर

ब्रोशर नाही, सीसी नाही. विषयाची ओळ अशी की फोनवर पूर्ण दिसते आणि कोणी खांद्यावरून वाचली तरी मेंटेनन्सवाल्याला अवघडल्यासारखं होत नाही. "लाईन चांगली सांभाळली आहे" हे वाक्य काकांच्या बोलण्यातून आलं. टेस्ट चांगली आली तर तोच मेल तो स्वतः साहेबाला फॉरवर्ड करू शकतो, बघा बाहेरच्या माणसाच्या मापानी आपण पास. आणि वाईट आली तर ती त्यानी स्वतः शोधून काढलेली असते, बाहेरच्यानी पकडलेली नसते. दोन्हीकडून त्याची इज्जत राहते. काकांनी हा मेल वाचून काय म्हटलं तर, "हां, हा मी ठेवला असता." त्यांच्याकडून एवढंच.

निकाल

थोडक्यात सांगायचं तर सगळ्यांनी उत्तर दिलं नाही, निम्म्यांनीही नाही. पण जी आली ती वेगळ्या जातीची होती, कोणी चिडलं नाही, आणि आतमध्ये आकडे होते.

एका प्रेस शॉपचं प्रकरण पूर्ण सांगतो. ३७ किलोवॅटचा, म्हणजे ५० एचपीचा स्क्रू कंप्रेसर, फिक्स स्पीडचा. तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांनी सुट्टीला स्वतः उभं राहून मोजलं, लोड सरासरी दीड मिनिट, अनलोड साडेचार मिनिटं. म्हणजे सहा मिनिटांच्या सायकलमध्ये दीड मिनिट लोड, २५ टक्के. त्यांनी आकडे पाठवले आणि खाली एकच ओळ, "आता काय?" प्रशांतनी कबूल केल्याप्रमाणं लिहून पाठवलं की आधी ऑटो ड्रेन बघा, मग एअर गनची कपलिंगं, मग प्रेसच्या मागचे एफआरएल. त्यांना ड्रेनमध्येच एक गळणारा सापडला. मग त्यांनीच फोन केला की बाकीचं तुम्ही येऊन बघा.

इथं पैशाचा हिशोब प्रशांतनी माझ्यासोबत बसून केला आणि तो पहिल्या मेलच्या तीस टक्क्यांशी ताडून बघण्यासारखा आहे. ३७ किलोवॅटचा कंप्रेसर लोडला साधारण ४० किलोवॅट ओढतो. पण अनलोड झाला म्हणजे शून्यावर जात नाही, तेव्हाही १२-एक किलोवॅट ओढतच राहतो, हे ब्रोशरवाले कधी सांगत नाहीत. म्हणजे गळती थांबवून लोडची वेळ कमी केली तरी वाचतात ते ४० नाही, मधले २८. आता गळती २५ वरून शून्यावर येत नसते, १० वर आली तरी खूप झालं. १५ टक्के गुणिले २८, साधारण ४ किलोवॅट. वर्षाला ६००० तास चालतो धरले तर २५ हजाराच्या आसपास युनिट, आठ रुपये युनिट धरलं तर दोन लाख. ही रक्कम चांगलीच आहे. पण ती कंप्रेसर जेवढी वीज खातो त्याच्या दहा-पंधरा टक्के आहे, कंपनीच्या बिलाच्या तर कितीतरी कमी. प्रशांतनी रिपोर्टमध्ये दोन लाखच लिहिले आणि खाली लिहिलं की फिटिंग परत सैल होतात, सहा महिन्यांनी परत मोजा. ऑर्डर मिळाली, छोटी होती, पण नंतर त्याच कंपनीची एएमसीही आली.

बाकी ठिकाणी असं सरळ झालं नाही. एकानी कोटेशन मागवलं आणि नंतर गप्प. एकाची टेस्ट आठ टक्के आली, त्यानी थँक्यू लिहिलं, विषय संपला. आणि एकानी लिहिलं की आमच्याकडं तर लोड-अनलोड दिसतच नाही, कंप्रेसर सतत चालतो हळूहळू. त्यांच्याकडं व्हीएफडी होता. व्हीएफडी कंप्रेसर हवा लागेल तसा स्पीड बदलतो, तिथं ही टेस्टच चालत नाही, दुसऱ्या पद्धतीनं बघावं लागतं. त्या साहेबांनी ते समजून घेतलं, पण मेलमध्ये ही ओळ आधीच पाहिजे होती, नंतर टाकली.

आणि ती पेंट शॉपवाली कंपनी, पहिल्या मेलची, तिचं दार आम्हाला अजून बंदच आहे. नवा मेल तिकडं पाठवला नाही. पुन्हा मेल करू नये असं लिहून दिलेलं आहे, आणि त्या साहेबांना प्लांट हेडसमोर परत तोंडघशी पाडायचं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मला विचाराल तर क्रम चुकला. पहिला मेल एकदम सगळ्या शीटला टाकायच्या आधी तीन-चार जणांना टाकला असता तर ती एक कंपनी वाचली असती, कदाचित. रिसेप्शनला फोन करून नाव विचारायला अर्धा दिवस जातो, पण शीटवरच्या मेलेल्या आयडींवर जेवढा वेळ गेला त्यापेक्षा तो कमीच. त्याच फोनवर कंप्रेसर कुठला आहे हे विचारता आलं असतं का यावर आमच्यात मतभेद आहेत. प्रशांत म्हणतो रिसेप्शनला काय माहीत असणार, उलट संशय येतो. बरोबर असेल.

रिव्ह्यू कोणाकडून घेतला यावरही मला बोलायचंय. शेठनी पहिला मेल वाचला होता आणि त्यांना तो छान वाटला होता, कारण त्यात फर्मचं कौतुक होतं. मी पण वाचला असता तर मी स्पेलिंग आणि तीस टक्के पकडले असते, सीसीचं माझ्या लक्षात आलं नसतं, मी कधी त्या खुर्चीवर बसलोच नाही. काकांना ते दोन मिनिटात दिसलं. त्यांना आमच्या फर्मचं काही देणं-घेणं नव्हतं आणि पोराला वाईट वाटेल याची पर्वाही नव्हती.

पण काका एकच माणूस आहेत, आणि मोठ्या कंपनीच्या मेंटेनन्सचे आहेत, याचा चटका पुढं बसला. शेठनी उत्साहात तोच मेल जालन्याच्या काही रोलिंग मिल आणि लातूरच्या डाळ मिलवाल्यांना पाठवायला लावला. एकही उत्तर नाही. तिथं बऱ्याच ठिकाणी मेंटेनन्स मॅनेजर असा वेगळा माणूसच नसतो, मालक स्वतः बघतो, मेल अकाउंटंट उघडतो, आणि मालकाला लोड-अनलोडच्या वेळा मोजण्यात रस नसतो, त्याला आधी रुपये सांगावे लागतात आणि तेही फोनवर. प्रेस शॉपच्या मॅनेजरची इज्जत राखणारा मेल मालकाला कळेचना की हे मला का पाठवलं.

तिकडच्यासाठी प्रशांत सध्या वेगळं काहीतरी करतोय, आधी फोन, आणि फोनवर एकच प्रश्न, सुट्टीच्या दिवशी तुमचा कंप्रेसर बंद असतो की चालू. चालू असतो म्हणाले की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं. आणि त्यासाठी त्यानी लातूरच्या एका डाळ मिलवाल्याला गाठलंय, रूममेटच्याच ओळखीतला, जो त्याचं बोलणं ऐकून तोंडावर सांगतो की हे मला नको होतं.